'वसुंधरा' ते 'आहे की पिशवी': एका कापडी पिशवीच्या नावाचं प्रकरण

इचलकरंजीतल्या दोन जावा. घरात सहा शिलाई मशिनी, गल्लीतच पॉवरलूम असल्यामुळे मांजरपाट स्वस्तात मिळतं, आणि आधी त्या दुसऱ्यांच्या लेबलखाली पिशव्या शिवून द्यायच्या. मग स्वतःच्या नावाने विकायचं ठरलं. मी नावं आणि लेबलवरचा मजकूर ह्याचं काम करतो, तर धाकट्या जावेने फोन केला, म्हणाली सर आमच्याकडे नावांची यादी तयार आहे, तुम्ही फक्त एक निवडून द्या. यादी व्हॉट्सॅपवर आली. हरित वसुंधरा, सृष्टी, पृथ्वीरक्षक, निसर्गमित्र, अवनी, ग्रीन पाऊल, वृक्षवल्ली, आणि सगळ्यात खाली मोठ्या जावेने घातलेलं 'आपली पिशवी'.

आता ह्यात वाईट असं काहीच नाही. आणि तीच अडचण आहे, कारण पर्यावरणाशी लांबून जरी संबंध असलेल्या कुठल्याही गोष्टीला, म्हणजे गांडूळखत म्हणा, सोलर हीटर म्हणा, सोसायटीचं कचरा मंडळ म्हणा, ह्यातलं कुठलंही नाव जसंच्या तसं चिकटवता येतं. पिशवी कुठे दिसतच नाही त्यात. शिवाय प्रत्येक नाव वरून खाली बोलतंय. पृथ्वीरक्षक लिहिलेली पिशवी घेऊन मंडईत उभं राहिलं की शेजारी प्लास्टिकमध्ये कोथिंबीर घेणारा माणूस आपोआप पृथ्वीभक्षक होतो ना. पिशवी ही अशी वस्तू आहे की तिच्यावरचा मजकूर घेणारा स्वतः वाचतच नाही, समोरचे वाचतात. साबणाच्या वडीवर काहीही लिहा, ती बाथरूममध्ये राहते. पिशवीवर लिहिलेला उपदेश मात्र विकत घेणाऱ्याला गावभर मिरवावा लागतो आणि तो ज्याला मिरवायचा नसतो तो पिशवी उलटी करून धरतो, छापलेली बाजू पायाकडे. हे बघायचं असेल तर कुठल्याही मंडईत थोडा वेळ उभं राहा, कार्यक्रमात फुकट वाटलेल्या संदेशवाल्या पिशव्या निम्म्या उलट्या धरलेल्या दिसतील.

त्यामुळे यादीतून निवडायचं सोडून आधी एक चाचणी ठरवली. नाव कुणाच्या तोंडात जाणार, कुठे, आणि कुठल्या वाक्यात. कापडी पिशवीच्या बाबतीत ती जागा म्हणजे बिलाचा काउंटर किंवा भाजीची गाडी. दुकानदार विचारतो, "कॅरीबॅग देऊ?" आणि गिऱ्हाईक काहीतरी म्हणतं. त्या क्षणी गिऱ्हाईक जे म्हणतं त्याच्या जवळचं नाव हवं. कारण कापडी पिशवीचं सगळं पर्यावरण त्या एका क्षणात आहे, पिशवी शिवण्यात नाही.

हे शेवटचं वाक्य जरा उलगडून सांगतो कारण दोघींनाही ते आधी पटलं नव्हतं. मोठी जाऊ म्हणाली, "पण आपली पिशवी कापसाची आहे, ती निसर्गाला चांगलीच असणार की." तर तसं नसतं. कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, औषधं लागतात, मग सूत, माग, धुणं, शिवण. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा हिशोब मांडला होता, त्यात साध्या कापसाची पिशवी नुसत्या हवामानबदलाच्या दृष्टीने बघितली तरी साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला किमान ५२ वेळा वापरावी लागते असं निघालं, आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष लावले तर आकडा ७,१०० वर जातो. ऑरगॅनिक कापसाचा तर २०,००० निघाला, कारण एकरी उत्पादन कमी धरलं होतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालात पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत हवामानापुरता आकडा १३१ होता. आकडे एकमेकांशी जुळत नाहीत कारण तुलना कुठल्या प्लास्टिकशी, ती पिशवी नंतर कचऱ्याला वापरली का, हे प्रत्येकाने वेगळं धरलंय. शिवाय ह्या हिशोबात गटारात अडकलेलं किंवा गाईच्या पोटात गेलेलं प्लास्टिक येत नाही, जे आपल्याकडे खरं दुखणं आहे, २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर सगळा राग पिशव्यांवर निघाला तो उगाच नाही. पण एक गोष्ट दोन्ही अहवालांत सारखीच आहे. विकत घेतलेल्या दिवशी कापडी पिशवीने काहीही वाचवलेलं नसतं. ती सारखी सारखी, वर्षानुवर्षं बाहेर पडली तरच तिचा उपयोग, आणि दाराआड लटकत राहिली तर उलट प्लास्टिकपेक्षा महाग पडली, निसर्गालासुद्धा.

म्हणून 'पृथ्वीरक्षक' हे नाव उपदेशी आहे हा एक दोष झाला, पण ते खोटंही आहे हा त्याहून मोठा. नावात जर पुन्हा पुन्हा वापरण्याची सवय आली तर ते खरंही राहतं आणि कुणाला शिकवतही नाही. इथून पुढची सगळी शोधाशोध ह्या एका धाग्यावर झाली.

कायद्याची बाजूही इथेच सांगून टाकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असले मोघम शब्द वापरायचे तर त्याला आधार आणि स्पष्टीकरण जोडावं लागतं. सहा मशिनीवाल्यांकडे कुठलं आलंय प्रमाणपत्र? त्यापेक्षा तो शब्दच नको. आणि ट्रेडमार्कच्या बाजूने बघितलं तर १९९९ च्या कायद्याचं कलम ९ म्हणतं की जो शब्द मालाचं नुसतं वर्णन करतो त्यावर एकट्याची मालकी सहसा मिळत नाही. 'इको बॅग', 'कापडी थैली' ही नावं त्यात अडकतात. मोठ्या जावेचं 'आपली पिशवी' सुद्धा तिथेच गेलं असतं, पण मला त्या यादीत तेच एक आवडलं होतं, कारण ते घरातलं होतं, बाकी सगळी व्यासपीठावरची.

बाहेरची दोन उदाहरणं दोघींना दाखवली. पहिलं लंडनचं. २००७ मध्ये अ‍ॅन्या हिंडमार्च ह्या डिझायनरने पाच पौंडाची कापडी पिशवी काढली, वर लिहिलं होतं 'मी प्लास्टिकची पिशवी नाही'. सेन्सबरीजच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या, २०,००० पिशव्या बघता बघता संपल्या. ह्यातली गंमत बघा, पिशवी स्वतःबद्दल बोलतेय. तुम्ही प्लास्टिक वापरू नका असं नाही म्हणत. थोडी चेष्टाच आहे. पण पुढे लोकांनी विचारलं की ही चीनमध्ये शिवली ना, कापूस ऑरगॅनिक नाही ना, मग कसली पर्यावरणाची पिशवी. म्हणजे नाव कितीही हलकंफुलकं असलं तरी त्याच्या आड मोठा दावा उभा राहिला की हिशोब मागायला लोक येतातच.

दुसरं तामिळनाडूचं, जे आपल्या जास्त जवळचं. तिथे लग्नाकार्यात आणि कापडदुकानात मिळणारी पिवळी पिशवी, मंजप्पै, एकेकाळी घरोघरी होती, मग ती गावंढळपणाची खूण झाली, ती घेऊन शहरात आलेल्याला लोक हसायचे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने मोहीम काढली तिचं नाव 'मीण्डुम मंजप्पै', पुन्हा पिवळी पिशवी. ना पृथ्वी, ना हिरवा रंग. लोकांच्या घरातली जी वस्तू होती तिलाच नावाने परत बोलावलं. निसर्गाची काळजी त्यात आहेच, पण ती ओळखीच्या वस्तूच्या मागून येते.

मग आमच्याकडची ओळखीची वस्तू कुठली ह्यावर एक अख्खी दुपार गेली. जुन्या पँटच्या कापडाची आजीने शिवलेली पिशवी, वायरची पिशवी, बस्ता बांधल्यावर साडीच्या दुकानातून मिळणारी छापील पिशवी, गिरणीत न्यायची दळणाची पिशवी. शब्द भरपूर निघाले. 'झोळी' छान वाटला पण झोळी म्हटलं की एक तर भिक्षा नाहीतर पाळणा. 'थैली' म्हटलं की निवडणूक आठवते. 'घडी' वर दोघी खूष होत्या, कारण त्यांची छोटी पिशवी घडी घालून पर्समध्ये मावते, आणि शब्दही नीटनेटका आहे. पण घडी नावाची कपडे धुण्याची पावडर देशभर माहीत आहे. ट्रेडमार्कच्या नोंदणीत मालाचा वर्ग वेगळा असला तरी इतक्या नावाजलेल्या मार्कच्या जवळ जाऊन वकिलाच्या नोटिशीची वाट बघत बसायचं कशाला.

'खुंटी' वर मात्र मी स्वतः बराच अडकलो होतो. दाराआडची खुंटी, तिला लटकलेली पिशवी, बाहेर पडताना हाताशी येणारी. एकच शब्द, चित्र डोळ्यासमोर उभं, उपदेश शून्य. तो पाडला धाकट्या जावेने. म्हणाली, "सर, आपण नियम खुंटीला टांगले म्हणतो ना, म्हणजे सोडून दिले. आणि पिशवी खुंटीलाच राहते हीच तर सगळ्यांची तक्रार आहे, बाजारात गेल्यावर आठवते." एकदम बरोबर. जी सवय मोडायची तिचंच नाव कसं देणार.

शेवटी दोन नावं उरली, दोन्ही काउंटरवरच्या संवादातून आलेली. एक 'असू दे' आणि दुसरं 'आहे की'.

'असू दे' चं कौतुक सांगतो कारण मला अजूनही ते गोड वाटतं. आई म्हणते "पिशवी असू दे जवळ", म्हणजे सोबत ठेव. आणि कुणी काही विसरलं तर "असू दे, होतं" म्हणजे माफ. उपदेशाच्या बरोब्बर उलटा सूर. पण मंडईत त्याचं काय होतं ते बघायला दोघी खऱ्या भाजीवाल्या मावशींकडे गेल्या. मावशींनी विचारलं, कॅरीबॅग देऊ? धाकटी म्हणाली, असू दे. मावशींनी शांतपणे पिशवी काढून त्यात वांगी भरली. त्यांनी ऐकलं की असू दे, म्हणजे द्या. पुढच्या गाडीवरच्या दादांनी तेच ऐकून हात मागे घेतला. म्हणजे निम्मे इकडे निम्मे तिकडे. ज्या क्षणासाठी नाव शोधतोय त्याच क्षणी ते दोन्ही अर्थ देत असेल तर खल्लास. आणि एकाने तर वर चेष्टा केली, "प्लास्टिक? असू दे!" हे जोडून म्हणता येतं म्हटल्यावर मीम तयारच होतं.

'आहे की' ला हा त्रास नाही. "कॅरीबॅग देऊ?" "आहे की!" इचलकरंजी-कोल्हापूरकडे तर हे दिवसातून शंभरदा म्हणतात, तिकडच्या बोलीत "हाय की". त्यात जरा ऐट आहे, आपल्याकडे आहे ह्याचा आनंद आहे, आणि समोरच्याला काही सुनावलेलं नाही. दुकानदारही हसतो. मावशींवर तीच परीक्षा केली तर उत्तर संपायच्या आत त्या टोपलीकडे वळल्या.

पण ह्याचा घोटाळा वेगळ्या ठिकाणी. 'आहे की' गुगलवर टाकून बघा. "असं आहे की", "म्हणणं आहे की", "शक्यता आहे की". मराठीतली प्रत्येक बातमी समोर येते. बोलताना जे इतकं जिवंत वाटतं ते लिहून शोधायला गेलं की समुद्रात मीठ शोधल्यासारखं. ऑनलाइन ऑर्डर हा धंद्याचा निम्मा भाग असणार होता त्यामुळे हे सोडून देण्यासारखं नव्हतं. जोडून 'आहेकी' लिहून बघितलं, ते जपानी गाडीसारखं दिसलं आणि कुणालाच वाचता येईना.

तोडगा मोठ्या जावेने काढला, तोही नकळत. बोलता बोलता म्हणाली, "मी तर नुसतं आहे की म्हणत नाही, आहे की पिशवी, असं म्हणते." झालं. 'आहे की पिशवी'. सगळं वाक्यच नाव. शोधायला वेगळं, म्हणायला सवयीचं, आणि पिशवी हा शब्द आल्यामुळे काय विकताय हे वेगळं सांगायला नको. तिच्या यादीतल्या 'आपली पिशवी' मधलं अर्धं तिला परत मिळालं हेही बरं झालं, दोन जावांच्या धंद्यात हा मुद्दा छोटा नसतो.

नोंदणीचं थोडक्यात. कापडाच्या बाजारपिशव्या ट्रेडमार्कच्या वर्ग १८ मध्ये येतात, धान्याची पोती आणि तसल्या गोण्या वर्ग २२ मध्ये. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शब्दाचा आणि उच्चाराचा असे दोन्ही शोध फुकट करता येतात, आणि ते रोमन स्पेलिंग बदलून बदलून करावे लागतात कारण पिशवी लोक pishvi, pishavi, pishwi असं कसंही लिहितात. अर्ज टीएम-ए फॉर्मवर, एका वर्गाला व्यक्ती किंवा छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन ४,५०० रुपये, आणि नाव देवनागरीत असेल तर त्याचं रोमन रूप आणि इंग्रजी अर्थ सोबत द्यावा लागतो. 'पिशवी' ह्या एकट्या शब्दावर हक्क मिळणार नाही हे दोघींना आधीच सांगून ठेवलं. हक्क मिळाला तर अख्ख्या वाक्याचा. कुणी 'माझी पिशवी' काढली तर भांडायला जायचं नाही.

आता छपाई, जिथे बरीच चांगली नावं मरतात. मांजरपाट म्हणजे न ब्लीच केलेलं, जाडसर, दाणेदार कापड. त्यावर स्क्रीन प्रिंटिंगने छापलं की शाई सुताच्या बाजूने थोडी पसरते. बारीक मोकळ्या जागा भरून जातात. पहिल्या यादीतलं 'सृष्टी' मी मुद्दाम नमुन्याला छापून घेतलं होतं, त्यातला ष्ट चा गोळा झाला, लांबून नुसता डाग. पृथ्वी, वृक्ष, निसर्ग, पर्यावरण, ह्या विषयातले बहुतेक शब्द जोडाक्षरांनी भरलेले आहेत हे तेव्हा लक्षात येतं. 'आहे की पिशवी' मध्ये एकही जोडाक्षर नाही. फक्त वेलांटीचा वरचा गोल बारीक ठेवला तर भरतो, म्हणून जाड पण मोकळं अक्षर घेतलं आणि नाव दोन ओळीत मोडलं, वर 'आहे की', खाली 'पिशवी', नाहीतर लांबून 'आहेकी' वाचलं जातं. शाई एकच, विटकरी. हिरवी मागितली होती, पण हिरव्या रंगात छापलं की जो उपदेश नावातून काढला तो रंगातून परत येतो. आणि छपाईनंतर शाई उष्णता देऊन नीट पक्की केली नाही तर चार धुण्यात नाव जातं. तपासायचं असेल तर ओलं पांढरं फडकं छपाईवर घासून बघायचं, फडक्यावर रंग आला तर तो लॉट परत.

निसर्गाचं काय मग? ते पुढच्या बाजूवर कुठेच नाही. आत शिवणीत एक कापडी पट्टी आहे, तिच्यावर: "मांजरपाट, इचलकरंजी. धुवा, वाळवा, परत न्या. बंद उसवला तर पाठवा, शिवून देऊ." ह्यात मी फक्त शेवटच्या वाक्याचा हट्ट धरला. पिशवी मरते ती कापड फाटून नाही, बंद उसवून, कारण वजन सगळं त्या दोन जोडांवर येतं. तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिलाई मारली तर टिकते, नुसती सरळ शिलाई मारली तर पाच किलो कांद्यात जाते. बंद शिवून देणारी पिशवी निसर्गाबद्दल एक शब्द न बोलता जास्त सांगते असं माझं मत आहे. धाकटी म्हणाली लोक पाठवणार नाहीत, कुरिअरचा खर्च पिशवीइतकाच होईल. खरंय. तरी आसपासच्या दुकानात ठेवलेल्या पिशव्यांसाठी चालतं, तिथे गिऱ्हाईक परत येतंच. ऑनलाइनवाल्यांसाठी पट्टीवरचं वाक्य बदलून "बंद कसा शिवायचा ते आमच्या पानावर आहे" असं केलं.

"ही खरंच कापडी का?" हा प्रश्न मात्र दुकानात अजून येतो. त्याला कारण आहे. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हापासून नॉन-वोव्हनच्या पिशव्यांचा सुळसुळाट झाला, त्या हाताला कापडासारख्या लागतात पण असतात पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. लोक एकदा फसलेत. नावाने ह्याचं उत्तर देता येत नाही, द्यायला गेलं की नाव पुन्हा प्रमाणपत्रासारखं होतं. म्हणून दुकानदारांना एवढंच सांगितलंय की काठाला सोडलेला सुताचा दोरा दाखवा. विणलेल्या कापडातून सूत ओढता येतं, नॉन-वोव्हनमधून निघत नाही.

नावाला मर्यादा आहेत आणि त्या लगेच दिसायला लागल्या. मुंबईत हिंदी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला 'आहे की' मधली ऐट कळत नाही, त्याला ते नुसतं मराठी अक्षर दिसतं. बेंगळुरूच्या एका विक्रेत्याने इंग्रजी नाव मागितलं, त्याला नाही म्हटलं, तिकडच्या मराठी मंडळात मात्र पिशवी चालते. दिवाळीला एका कंपनीची भेटवस्तूंची मोठी ऑर्डर आली, अट अशी की पुढे मोठ्या अक्षरात 'गो ग्रीन' छापायचं. दोघींमध्ये ह्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. मोठीचं म्हणणं पैसे सोडायचे नाहीत. शेवटी ती ऑर्डर घेतली, पण आपलं नाव न घालता, कोरी पिशवी कंपनीच्या छापाने. जुना धंदा होता तसाच, दुसऱ्याच्या लेबलखाली. माझ्या मते हे योग्यच झालं.

आता धाकटीला त्याच नावाने अ‍ॅप्रन आणि भाकरीचे रुमाल काढायचेत. मी नको म्हटलंय. नावातच पिशवी आहे, 'आहे की पिशवी' चा अ‍ॅप्रन म्हटलं की लोक हसतील, आणि अ‍ॅप्रनसाठी वर्गही वेगळा, २५, म्हणजे परत अर्ज, परत ४,५००. तिचं म्हणणं नुसतं 'आहे की' ठेवू आणि पुढे वस्तूचं नाव बदलत जाऊ, आहे की रुमाल, आहे की अ‍ॅप्रन. कल्पना वाईट नाही पण काउंटरवर कुणी "रुमाल देऊ?" असं विचारत नाही.